अहिराणीसाठी आधी गाणे की आधी आंघोळ?

घरात प्रमाण मराठी चालते आणि आजीची अहिराणी मुलांच्या कानांवर सुट्टीपुरतीच पडते, अशी घरे जळगाव-धुळ्याकडे आता पुष्कळ आहेत. माझ्या तीन वर्षांच्या मुलीला अहिराणी बोलता यावी म्हणून मी आधी गाण्यांची वाट धरली; चारेक महिन्यांनी ती बाजूला ठेवून आंघोळीच्या वेळेवर आलो.

गाण्याचा गुण मान्य केला पाहिजे. मराठीतला ‘ळ’ अहिराणीत बहुधा ‘य’ होतो, आणि ‘डोया’, ‘काया’ असे उच्चार चालीवर जितके पक्के बसतात, तितके समजावून सांगून बसत नाहीत. माझ्या आईने डोळे, नाक, कान, हात असे क्रमाने दाखवत म्हणायचे एक गाणे रचून दिले होते आणि मुलगी ते पाहुण्यांसमोर न चुकता म्हणे. एके दिवशी मी चाल न लावता, हातवारे न करता सहज विचारले, ‘तुना कान कोठे शे?’ तिने गाणे पहिल्या ओळीपासून सुरू केले, कानाची ओळ आली तेव्हा कानाला हात लावला आणि मग हातापर्यंत म्हणूनच थांबली. शब्द तिच्याकडे सुटे नव्हतेच, अख्खे गाणे हाच तिच्या लेखी एक लांबलचक शब्द होता. पुढे आठवडाभर रोज हेच घडले आणि खरे सांगायचे तर मी त्याला कंटाळलो.

आंघोळीची अडचण निराळी. या दोन भाषा इतक्या जवळच्या आहेत की मुलाला अहिराणी कळते, पण उत्तर मराठीतच येते. तिने ‘मला पाणी दे’ म्हटले की मी तांब्या हातात तसाच धरून ‘माले पानी दे?’ असे विचारी आणि क्षणभर थांबे. ती बोलली नाही तरी पाणी ओतीच, कारण अडवून ठेवले की मूल त्या भाषेवरच रुसते. तिसऱ्या आठवड्यात ‘माले’ आपोआप आले आणि लवकरच ते जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचले: ‘माले भूक लागनी.’ गाण्यातला एकही शब्द असा गाण्याबाहेर गेला नव्हता.

अर्थात मोठ्यांच्या तोंडी आंघोळीत ‘ये, बस, धू’ अशा आज्ञाच फार असतात, त्यामुळे ‘मी’बरोबर येणारी क्रियापदांची रूपे मुलाला ऐकायलाच मिळत नाहीत. त्यासाठी खेळाची जोड लागली. बाहुलीला आंघोळ घालताना मी ‘मी पानी टाकस’ असे बोलत राहिलो आणि दोन दिवसांनी तांब्या तिच्याकडे दिला. एखाद्या घरी, विशेषतः आजी रोज जवळ असेल तर, गाणेही पुरेसे ठरू शकेल. आमच्याकडे ते आता झोपताना म्हटले जाते, आणि कान कुठे आहे हे त्या वेळी कोणी विचारत नाही.