एकक आणि सार्थ अंकांत जाणारे गुण: आदर्श उत्तरे वाचावीत की स्वतःची जुनी उत्तरे तपासावीत?

सूत्र बरोबर, पद्धत बरोबर आणि तरीही शेवटच्या ओळीत गुण गेलेला, हा अनुभव भौतिकशास्त्राची गणिते सोडवणाऱ्या बहुतेकांना असतो. एकक राहते, सार्थ अंक कमी-जास्त होतात किंवा मधल्याच पायरीवर राउंड केलेला आकडा उत्तराला बाजूला नेतो. ही सवय मोडण्यासाठी जुन्या उत्तरांचा उपयोग दोन प्रकारे करता येतो: गुणदान योजनेसह छापलेली आदर्श उत्तरे अभ्यासायची, किंवा आपणच पूर्वी लिहिलेली उत्तरे पुन्हा तपासायची. मी आधी पहिला मार्ग धरला होता आणि नंतर दुसऱ्याकडे वळलो.

आदर्श उत्तरांची बाजू लंगडी नाही. किती अंकांपर्यंत उत्तर ग्राह्य आहे, एककासाठी वेगळा गुण आहे का, एखाद्या चुकीचा गुण एकदाच कापतात की प्रत्येक उपप्रश्नात, हे गुणदान योजनेतूनच कळते. मला त्यांची अडचण वेगळीच जाणवली, आणि शेवटी माझा निर्णय तिनेच केला.

साध्या लंबकाचे एक गणित होते. लांबी ०.९८५ मी. आणि २० दोलनांना ३९.८ से., म्हणजे दोलनकाल १.९९ से. सूत्र g = 4π²L/T² आणि आदर्श उत्तर ९.८२ मी/से². माझे उत्तर ९.७२ आले होते. आदर्श उत्तर ओळीने वाचले, प्रत्येक पायरीला मान डोलावली आणि ‘आकडेमोडीत काहीतरी घसरले’ असे म्हणून पुढे गेलो. काही आठवड्यांनी दुसऱ्या गणितात तोच गुण पुन्हा गेला. आदर्श उत्तर लिहिणाऱ्याने ती चूक केलेलीच नसते, त्यामुळे ती तिथे दिसण्याची सोयच नसते. शिवाय कॅल्क्युलेटरमध्ये त्याने किती अंक धरून ठेवले होते, हेही छापील ओळीत उमटत नाही.

मग स्वतःचा जुना कागद काढला. त्यावर दोलनकाल सरळ २.० से. लिहिलेला होता. राउंड करण्यातला हा फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा, पण T चा वर्ग होत असल्याने उत्तरात तो एक टक्का झाला आणि ९.८२ चे ९.७२ झाले. त्याच कागदावर दुसऱ्या प्रयत्नात मी दोलनकाल नीट १.९९ घेतला होता, पण π साठी ३.१४ वापरले होते, तिथे ९.८१ आले होते. इतका फरक बहुधा चालवून घेतला जातो, मात्र तीन सार्थ अंक हवे असतील तर π कॅल्क्युलेटरच्या बटणानेच घ्यावा, हे मला त्या एका ओळीने पटवले.

त्यानंतरची माझी पद्धत अशी आहे. कागद निदान तीन-चार आठवडे जुना असावा, म्हणजे उत्तर आठवत नाही. दिलेली माहिती आणि शेवटची ओळ सोडून मधले सगळे झाकायचे. समासात माहितीतील सर्वांत कमी सार्थ अंक लिहायचे आणि सूत्रातून एकक नव्याने काढायचे: मीटर भागिले सेकंदाचा वर्ग. लांबी चुकून सेंटिमीटरमध्ये राहिली असेल, तर ९८२ समोरचे मी/से² तिथेच खटकते. मग झाकण काढून अंक पहिल्यांदा कुठे गळाले ती ओळ शोधायची आणि तिच्याशेजारी ‘ए’, ‘सा’ किंवा ‘रा’ अशी खूण करायची. एकक विसरणे हाच माझा दोष असे मी धरून चाललो होतो. खुणा मोजल्यावर निम्म्याहून अधिक ‘रा’ निघाल्या, म्हणजे मधल्या पायरीवर राउंड करण्याच्या. दुसऱ्या कुणाच्या कागदांवर कदाचित वेगळी खूण जास्त निघेल, आणि ती त्या कागदांवरच सापडेल.

या मार्गाची एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. जो नियमच आपल्याला चुकीचा माहीत आहे, त्याची चूक स्वतःच्या कागदावर बरोबर वाटते. उष्णतेच्या एका गणितात तापमान २१.२ वरून २५.४ अंश सेल्सिअसवर गेले होते. वस्तुमान ०.१५० किग्रॅ., विशिष्ट उष्मा ४.१८ × १०³. सर्व माहिती तीन अंकी म्हणून मी २.६३ × १०³ ज्यूल लिहिले आणि दोनदा तपासूनही समाधानी राहिलो. वजाबाकीत मात्र सार्थ अंक मोजायचे नसतात, दशांश स्थळे पाहायची असतात, फरक ४.२ आला की दोनच सार्थ अंक उरतात आणि उत्तर २.६ × १०³ ज्यूल होते. हे मला गुणदान योजनेनेच दाखवले. म्हणून आदर्श उत्तरे मी आजही हाताशी ठेवतो, पण ती उघडतो आपल्या कागदावर खुणा करून झाल्यावर, आणि फक्त शेवटची ओळ जुळत नसलेल्या गणितांसाठी.