‘मणके मोकळे करण्याचा कोर्स’ आणि आईच्या पाठीचे फ्रॅक्चर

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका मंगल कार्यालयात भरलेल्या मोफत हाड तपासणी शिबिरातून माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईची फसवणूक झाली. अशी शिबिरे आजही भरत असल्यामुळे हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

शिबिरात टाचेला लावायच्या एका छोट्या यंत्राने तपासणी करून आईला ‘हाडे फार ठिसूळ आहेत’ असे सांगण्यात आले. हे खोटे नव्हते, आणि म्हणूनच तिचा विश्वास बसला. तिला ऑस्टिओपोरोसिस असल्याचे हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत आधीच निघाले होते. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे ३.१ होता आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली आकडा गेला की ऑस्टिओपोरोसिस मानतात. टाचेचे यंत्र फार तर धोक्याची सूचना देते, निदान डेक्सावरच होते. फसवणूक पुढच्या वाक्यात होती: ‘मणके आखडल्यामुळे हाडांना रक्त पोहोचत नाही, ते मोकळे केले की हाडे भरतील.’ या कोर्ससाठी अठरा हजार रुपये रोख घेतले आणि पावतीऐवजी एक छापील कार्ड दिले.

कोर्समध्ये जमिनीवर पाय पसरून बसवून पायांचे अंगठे पकडायला लावत, आणि हात पोहोचत नसतील तर मागून पाठ दाबत. त्यानंतर उठाबशीसारखे पोटाचे व्यायाम आणि कंबर दोन्ही बाजूंना पिळणे असे. ठिसूळ मणक्यांसाठी नेमक्या याच हालचाली सर्वांत वाईट आहेत. माणूस पाठ गोल करून पुढे वाकला की भार मणक्याच्या पुढच्या कडेवर एकवटतो. आतले जाळीदार हाड विरळ झालेले असले तर ती कडा दबते आणि मणका पाचरीच्या आकाराचा होतो. पिळण्याची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पाठीचा ऑस्टिओपोरोसिस असलेल्या स्त्रियांपैकी पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के जणींच्या मणक्यांत नवी दबणी आढळली, तर पाठ मागे ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ती १६ टक्के होती. अभ्यास लहान होता, वाकणाऱ्या गटात नऊच जणी होत्या, तरी डॉक्टरांचा सल्ला आजही त्याच दिशेचा आहे.

एके दिवशी पाठ दाबली जात असताना आईच्या कमरेच्या थोडे वर अचानक कळ आली. ‘जुना दोष बाहेर पडतोय, थांबू नका,’ असे त्या माणसाने तिला सांगितले. घरी आल्यावर तिला उभे राहता किंवा बसता येईना, आडवे झाले की मात्र दुखणे कमी होई, आणि त्या एका जागी बोटाने हलके ठोकले तरी ती कळवळे. ही लक्षणे ताज्या फ्रॅक्चरची असू शकतात. मिरजेतील अस्थिरोगतज्ज्ञांनी बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये पहिला कंबरेचा मणका पुढून दबलेला दिसला आणि एमआरआयमध्ये तो ताजा असल्याचे कळले. मज्जारज्जूवर दाब नव्हता, हे आमचे नशीब. पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, अथवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर एक तासही घरी थांबू नये.

दुखणे ओसरल्यावर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आईला जे शिकवले, ते फार साधे होते. भिंतीला पाठ आणि टाचा टेकवून हनुवटी किंचित आत घ्यायची आणि खांद्याची पाती मागे दाबायची. खुर्चीवरून शक्यतो हाताच्या आधाराविना उठायचे. ओट्याला धरून टाचा वर उचलायच्या. रोज सपाट रस्त्यावर चालायचे. पालथे झोपून छाती किंचित उचलण्याचा व्यायाम त्यांनी बराच नंतर, स्वतः समोर असतानाच सुरू केला. अंथरुणातून उठताना थेट उठून न बसता खांदा आणि कंबर एकत्र वळवून कुशीवर यायचे, पाय खाली सोडायचे आणि मग हाताने रेटा देऊन बसायचे. खालची वस्तू घ्यायची तर पाठ सरळ ठेवून गुडघे आणि खुबे वाकवायचे. पाण्याची भरलेली कळशी उचलणे, वाकून केर काढणे आणि सूर्यनमस्कार बंद झाले. हे शेवटचे तिला सर्वांत जड गेले, कारण ती लग्नाआधीपासून ते घालत होती. पण त्यात पुढे वाकणे टळत नाही.

पैसे परत मागितल्यावर त्या लोकांनी ‘आम्ही उपचार करत नाही, फक्त योगाचे मार्गदर्शन करतो’ असे उत्तर दिले. पावती नसल्याने आमच्याकडे फक्त ते कार्ड आणि फोनवरचे संदेश आहेत. त्यांच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. व्यायाम शिकवणारी व्यक्ती स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवत असेल, तर राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. आणि व्यायाम सुरू करण्याआधी तिने डेक्साचा अहवाल मागितला नाही, पूर्वी फ्रॅक्चर झाले होते का किंवा उंची कमी झाली आहे का हे विचारले नाही, तर पैसे न देता तिथून निघून यावे.