मान कुठपर्यंत खाली ठेवायची? ब्लॉकचा कोन, ड्राइव्ह आणि सरळ होण्याची वेळ

ठाण्यात आमच्या मैदानावर सकाळी सरावाला येणाऱ्या मुलांमध्ये दोन तट आहेत. एका गटाचं म्हणणं, १०० मीटरच्या शर्यतीत सुरुवातीला पाय टेकवायच्या ब्लॉकमधून निघालं की तीस मीटरपर्यंत मान वर करायचीच नाही. दुसऱ्याचं म्हणणं, आठ-दहा मीटरात सरळ व्हायचं आणि मोकळं पळायचं. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा जवळ आल्या की पालकही विचारू लागतात, "सर, यातलं नक्की करायचं काय?" यंदा मी दोन्ही पद्धती एकाच मुलीवर मोजून पाहिल्या. सरळ कुठे व्हायचं हे बरंचसं ब्लॉकमध्येच ठरून जातं, असं माझं मत त्यातून पक्कं झालं. म्हणून तुलना ब्लॉकपासूनच करतो.

मुलगी पंधरा वर्षांची, कळव्याहून येते. १०० मीटरला स्टॉपवॉचवर १३.७ सेकंद. तिची तक्रार एकच होती: सुरुवातीला सगळ्या बरोबर असतात, मग दहा मीटरात दोघी-तिघी पुढे निघून जातात.

आधी ब्लॉकवर पाय टेकवायच्या दोन पाट्यांमधलं अंतर. यावर फार वेळ घालवू नका. पाट्या अगदी जवळजवळ लावल्या तर धावपटू ब्लॉकमधून लवकर सुटतो, पण ढकलायला वेळ कमी मिळाल्यामुळे वेग कमी घेऊन सुटतो. फार लांब लावल्या तर ढकलणं भरपूर होतं, पण तोवर शेजारची लेन निघून गेलेली असते. बहुतेकांना मधलं अंतर मानवतं. रेषेपासून पुढची पाटी दोन बूट मागे आणि मागची साधारण सव्वातीन ते साडेतीन बूट मागे, इथून सुरुवात करा. मग 'सेट'च्या, म्हणजे कंबर उचलून बंदुकीची वाट बघण्याच्या, स्थितीत बाजूने फोटो काढा. पुढच्या गुडघ्यात साधारण काटकोन, मागच्या गुडघ्यात १२० ते १३० अंश आणि कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर दिसली की अंतर जमलं. नसेल दिसत तर अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे करा.

खरा फरक पडतो तो पुढच्या पाटीच्या उताराने, आणि नेमकं त्याच्याकडे कुणी बघत नाही. ही मुलगी ब्लॉक जसा खोलीतून मिळेल तसाच लावायची. पुढची पाटी सर्वांत उभ्या खाचेत अडकलेली, जमिनीशी साठ अंशांच्याही वर. 'सेट' म्हटल्यावर तिची टाच उंच हवेत आणि घोटा आधीच ताणून सरळ झालेला असायचा. अशा घोट्यात ढकलायला काही उरत नाही. पाटी थोडी आडवी केली, चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आणली, की घोटा दुमडतो, पोटरी ताणली जाते, आणि बंदुकीच्या आवाजाला टाच किंचित मागे दबून मग पोटरी रबरासारखी आकसते. सुटतानाचा वेग या ताणातून वाढतो. मागचा पाय जोरात मारतो पण लवकर सुटतो. पुढचा पाय शेवटपर्यंत पाटीवर असतो आणि एकूण ढकलण्यातला मोठा वाटा त्याचाच असतो, म्हणून मी पुढची पाटी आधी बघतो. मागची पाटी थोडी उभी, पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान, चालते.

कोन मोजायला कंपासपेटीतला गुण्या पुरतो. पंचेचाळीस अंशांचा गुण्या जमिनीवर उभा धरून पाटीला टेकवा. मध्ये फट दिसली तर कोन चुकलेला आहे.

उभी आणि आडवी पाटी यांची तुलना आम्ही आठवड्यातून दोन सकाळी केली. प्रत्येक पद्धतीच्या तीन धावा, मध्ये पाच-सहा मिनिटांची विश्रांती, आणि थकव्याचा फरक पडू नये म्हणून पुढच्या वेळी क्रम उलटा. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला आणि हात जमिनीवरून सुटला ती फ्रेम शून्य धरली. पहिल्या सकाळी आडव्या पाटीने वेळ उलट वाढली. "सर, पाय घसरल्यासारखं वाटतंय," असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं, कारण जुन्या सवयीने ती चवड्याच्या टोकावरच उभी राहत होती. दोन आठवड्यांनी उभ्या पाटीने दहा मीटरला सरासरी २.१४ सेकंद आणि आडव्या पाटीने २.०७ सेकंद आले. व्हिडिओत कारणही दिसलं. उभ्या पाटीवरून निघताना तिचं बळ वर जात होतं आणि तिसऱ्या पावलाला धड जवळजवळ उभं झालेलं होतं. आडव्या पाटीवरून निघताना तेच तिसरं पाऊल पुढे झुकलेल्या अंगाने पडत होतं, आणि मी "खाली राहा" असं एकदाही ओरडलो नव्हतो.

एक अट मात्र आहे. घोटा कडक असेल किंवा टाचेमागच्या शिरेत दुखत असेल तर पाटी इतकी आडवी करू नका. अशा मुलाला पन्नास-पंचावन्न अंशांवर ठेवा. पाटी फार आडवी केली तर ताणाने त्याचं भलं होण्याऐवजी दुखणं वाढेल.

आता मान खाली ठेवण्याचा वाद. तिच्या वडिलांनी मला उसेन बोल्टच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला, बर्लिन, २००९, ९.५८ सेकंद. "बघा सर, किती वेळ खाली आहे." आहे, बरोबर आहे. पण त्या शर्यतीत त्याचा सर्वांत वेगवान टप्पा ६० ते ८० मीटरचा होता, ते वीस मीटर त्याने १.६१ सेकंदात कापले. ज्याचा वेग साठ मीटरपर्यंत वाढतच राहतो त्याला सावकाश उठायला जागा असते. आमची ही मुलगी पस्तीस-चाळीस मीटरलाच आपल्या सर्वोच्च वेगाला पोचते. तिने तीस मीटरपर्यंत वाकून राहायचं म्हणजे जवळजवळ सगळा वेग वाकूनच गाठायचा, आणि ते होत नाही.

का होत नाही, ते पावलाकडे बघून कळतं. ब्लॉकमधून निघाल्यावर पहिलं पाऊल जमिनीवर जवळपास सेकंदाचा पाचवा भाग टेकलेलं असतं, तेव्हा मागे ढकलायला निवांत वेळ असतो. वेग वाढेल तसा हा वेळ कमी होत सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. इतक्या थोड्या वेळात शरीर पुन्हा हवेत उचलायचं तर पाय अंगाखाली, वरून पडायला हवा. पुढे झुकलेलं धड तेव्हा आड येतं, मांडी वर यायला जागाच राहत नाही. म्हणजे सरळ होणं ही वेगाची मागणी आहे. वेग आला की उठावं लागतं, आणि आला नसताना उठलात तर पुढे ढकलण्याची संधी जाते.

मग दोन्ही पद्धती तीस मीटरवर मोजल्या. एकदा तिला हनुवटी छातीला लावून तीस मीटरच्या शंकूपर्यंत खाली राहायला सांगितलं. दुसऱ्यांदा एवढंच सांगितलं, "जोरात ढकल, नजर दोन-तीन मीटर पुढच्या जमिनीवर ठेव, अंग उठेल तसं उठू दे." दहा मीटरला दोन्हींत सारखेच, २.०७. वीस मीटरला मान खाली ठेवून ३.५०, मोकळं सोडून ३.४७. तीस मीटरला ४.८८ आणि ४.७७. शेवटच्या दहा मीटरांत आठ शतांश सेकंद गेले, आणि अशा मुलीसाठी तीस मीटरला अकरा शतांश म्हणजे पाऊण मीटरहून जास्त. अंग उठेल तसं उठू दिलं तेव्हा ती सतरा-अठरा मीटरच्या आसपास, तेरा-चौदाव्या पावलाला सरळ झाली होती. वरच्या दर्जाच्या धावपटूंचंही धड साधारण त्याच पावलांच्या सुमारास सरळ होतं. त्यांची पावलं मोठी, म्हणून अंतर जास्त भरतं. मीटरची खूण बघून उठण्यापेक्षा पावलं मोजणं जास्त खरं आहे.

घरी हे तपासायला एक साधी पद्धत आहे. व्हिडिओ थांबवा, पाऊल जमिनीला टेकलेलं असताना नडगीवरून एक रेघ मनात ओढा आणि पाठीवरून दुसरी. दोन्ही रेघा एकाच दिशेला झुकलेल्या दिसल्या तर तो झुकाव खरा, ढकलण्यातून आलेला. नडगी उभी झाली आहे पण पाठ अजून वाकलेली आहे, तर मूल कंबरेतून घडी घालून पळतंय. मान खाली ठेवून पळताना या मुलीच्या बाराव्या पावलाला नेमकं हेच दिसत होतं. आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावलाला पाऊल कंबरेच्या पुढे पडतंय, पाठ ताठ आहे, तर ते लवकर उठणं. त्यावर मानेला सूचना देऊन उपयोग नाही, ब्लॉकमध्ये जाऊन पाटीचा उतार, कंबरेची उंची आणि 'सेट'ला नजर कुठे आहे ते बघा. आमची बरीच मुलं 'सेट'ला शेवटच्या फितीकडे बघतात, मान वर गेली की कंबर खाली बसते.

व्हिडिओ काढताना एक चूक टाळा. एकाच जागेवरून तीस मीटर टिपताना कॅमेरा तिरका बघतो, त्यामुळे खुणेची काठी लेनच्या कडेला सरळ दहा मीटरच्या रेषेतच रोवली तर वेळ चुकते. लेनच्या मधोमध दहा मीटरची खूण करा, तिथे एकाला उभं करा, कॅमेऱ्यात बघत जवळच्या कडेला काठी अशी रोवा की ती त्याच्या छातीवर येईल. वीस आणि तीस मीटरला तसंच. धावताना छाती काठीआड गेली ती फ्रेम घ्या.

निवड करताना मूल कसं आहे ते बघा. नुकतं ब्लॉकवर आलेलं, पाय अजून बारीक, १०० मीटरला चौदा सेकंदांच्या आसपास असेल तर त्याला ड्राइव्ह, म्हणजे झुकून ढकलत राहण्याचा टप्पा, हा शब्दसुद्धा सांगू नका. पाटी नीट लावा, जोरात ढकलायला सांगा, ते दहा-पंधरा मीटरला उठलं तरी हरकत नाही. बैठका आणि उड्यांनी पायात ताकद आलेली, बारा सेकंदांच्या आत पळणारी मोठी मुलं मात्र घाईने उठत असतील तर त्यांना थांबवायला हवं. पहिली सहा-सात पावलं पूर्ण मागे ढकलण्याचा सराव त्यांना खरोखर फळ देतो. मातीच्या मैदानावर, विशेषतः पावसाळा संपताना, ब्लॉकचे खिळे सैल होतात आणि ढकलल्यावर तो मागे सरकतो. तेव्हा मागे कुणीतरी पाय दाबून उभं असल्याशिवाय यातली कोणतीच तुलना करू नका, आकडे खोटे येतात.

कळव्याची मुलगी आता स्पर्धेला जाताना बुटाची जुनी नाडी बरोबर नेते. तिला दोन गाठी आहेत, एक पुढच्या पाटीसाठी, एक मागच्या. ब्लॉक कोणत्या कंपनीचा मिळेल आणि खाचा किती असतील याचा नेम नसतो, म्हणून सरावाच्या धावेआधी ती पिशवीतून गुण्या काढते, पुढच्या पाटीला टेकवते आणि फट दिसली की खाच बदलते.