आधार लिंक आहे, तरी पैसे खात्यात नाहीत: डीबीटीचा आमचा दहा महिन्यांचा अनुभव

हा अनुभव माझ्या आईचा आहे. शेत तिच्या नावावर आहे, त्यामुळे पीएम किसानची लाभार्थी तीच. मोबाइलवरचं आणि कागदपत्रांचं काम मी बघते. सरकारी पैसे आधारवरून थेट खात्यात जमा होण्याची ही डीबीटीची पद्धत आम्ही गेली काही वर्षं वापरतोय आणि त्यातली बहुतेक वर्षं काहीही त्रास झाला नाही. म्हणूनच ती बिघडली तेव्हा बिघाड कुठे आहे हे कळायलाच आम्हाला तीन महिने लागले.

५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमातून पीएम किसानचा १८ वा हप्ता सुटला. नमो शेतकरी महासन्माननिधीचाही हप्ता तेव्हाच होता. आईच्या खात्यात दोन्ही मिळून ४००० रुपये आले. तिचं खातं तालुक्याच्या गावी एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, घरापासून चौदा किलोमीटरवर. पुढचा, म्हणजे १९ वा हप्ता २४ फेब्रुवारी २०२५ ला सुटला. गल्लीत सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आले, आईला आला नाही. आठवडाभर वाट पाहून ती गावातल्या बँकमित्राकडे गेली. त्याने अंगठा घेतला, खात्यातली शिल्लक सांगितली आणि म्हणाला, "मावशी, हप्ता पडलेला नाही. पण आधार लिंक आहे, नाहीतर अंगठा चालला नसता."

पुढचे तीन महिने आम्ही या एका वाक्यावर विसंबून राहिलो.

मार्चमध्ये ती बँकेत गेली. काउंटरवरच्या साहेबांनी संगणकात बघितलं आणि खात्याला आधार जोडलेलं आहे, केवायसी पूर्ण आहे, पैसे वरूनच आलेले नाहीत, असं सांगून योजनेच्या कार्यालयात पाठवलं. तिथे स्टेटस काढलं. पोर्टलवर जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि आधार-बँक सीडिंग म्हणजे आधारची बँकेशी जोडणी, या तिन्हींपुढे Yes होतं. तिथल्या माणसाने स्क्रीन आईकडे वळवून दाखवली आणि बँकेत जायला सांगितलं. बँकेने पुन्हा कार्यालयात पाठवलं. प्रत्येक खेपेला एसटीचं तिकीट आणि बुडालेला दिवस. कांदा काढणीच्या दिवसांत आईने असे चार दिवस घालवले, आणि दर वेळी समोरच्याने काहीही खोटं न सांगता तिला परत पाठवलं. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आला. तिघंही खरंच बोलत होते.

मे महिन्यात सुट्टी काढून मी घरी गेले आणि स्वतः शोधायला बसले. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या myAadhaar पोर्टलवर लॉगिन केल्यावर Bank Seeding Status असा एक पर्याय असतो. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आईच्या आधारला भावाचा नंबर होता, म्हणून त्याला फोन करून ओटीपी विचारावा लागला. पान उघडलं. मॅपिंग झालेलं आहे, स्थिती Active. पण त्याखाली बँकेचं नाव वेगळंच होतं. त्या बँकेत आईचं खातं आहे हे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या बदलाची तारीख होती डिसेंबर २०२४.

तारीख वाचून आईला आठवलं. डिसेंबरमध्ये बाजारात एका मोबाइलच्या दुकानात ती सिमकार्डाच्या कामाला गेली होती. तिथल्या मुलाने "एक खातं पण मिळतंय, फुकट आहे" म्हणत दोनदा अंगठा घेतला होता. पासबुक नाही, कार्ड नाही. खातं उघडताना सरकारी अनुदान याच खात्यात घेण्याची संमतीही त्याने नोंदवली होती. ती संमती कशाची आहे हे आईला कुणी सांगितलं नाही.

आता हे नेमकं कसं घडतं ते सांगते, कारण बँकेच्या काउंटरवर मला हे कुणीही समजावलं नाही. "आधार लिंक आहे" या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे बँकेच्या स्वतःच्या नोंदीत तुमच्या खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं. हे किती का बँकांमध्ये असू शकतं. अंगठ्याने पैसे काढताना आपण आधी बँक निवडतो, मग त्या बँकेची यंत्रणा आपल्या नोंदीतून खातं शोधते. म्हणून बँकमित्राकडे आईचा अंगठा चालत राहिला. दुसरी गोष्ट म्हणजे एनपीसीआय या बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा मॅपर. सरकार आधारवरून पैसे पाठवतं तेव्हा पाठवणाऱ्याकडे फक्त आधार क्रमांक असतो. तो कुठल्या बँकेकडे वळवायचा हे मॅपर सांगतो, आणि मॅपरमध्ये एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. खाते क्रमांक तिथे नसतोच, फक्त बँक असते. नवीन बँकेने तुमच्या संमतीने नोंद केली की जुनी बँक तिथून हटते. जुन्या बँकेतलं खातं, केवायसी, आधारची जोडणी, सगळं जागच्या जागी राहतं. फक्त पैसे तिकडे येणं थांबतं.

योजनेच्या पोर्टलवरचं Yes एवढंच सांगत होतं की आईचं आधार कुठल्यातरी एका बँकेशी मॅप आहे. कुठल्या, हे त्या Yes मध्ये नव्हतं, आणि तिथे बसलेल्या माणसाने त्यापुढे पाहिलं नाही.

आम्ही बँकमित्राकडे परत गेलो आणि या वेळी मशिनवर ती नवी बँक निवडायला सांगितली. आईने अंगठा लावला. शिल्लक ४९०० रुपये. पीएम किसानचे २०००, नंतर आलेला नमोचा २००० चा हप्ता आणि गॅसच्या तीन टाक्यांचं उज्ज्वलाचं अनुदान, प्रत्येकी ३००. म्हणजे पहिली खूण जानेवारीतच दिसायला हवी होती. टाकी घेतल्यावर ३०० रुपये आले नव्हते, पण एवढ्या रकमेसाठी बँकेत कोण चौकशी करतं? आता मी सगळ्यांना सांगते की गॅसचं अनुदान एकदा जरी चुकलं तरी आधी मॅपिंग बघा. मॅपिंग एकच असल्याने ते हललं की आधारवरून येणाऱ्या सगळ्याच योजनांचे पैसे एकदम वळतात.

पैसे सापडले, आता मॅपिंग परत आणायचं होतं. दुसरी अडचण इथे आली, आणि या वेळी चूक बँकेची होती. मी शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज मागितला. त्यांनी "आधार लिंक करणे" असा साधा अर्ज दिला, आईची सही घेतली, आधारची प्रत जोडली. पोच दिली नाही. "दोन-तीन दिवसांत होईल." दहा दिवस झाले, यूआयडीएआयच्या पानावर अजून त्या दुसऱ्याच बँकेचं नाव. मी पुन्हा गेले आणि आतल्या मॅडमना ते पान मोबाइलवर दाखवलं. त्यांनी नोंद उघडून बघितली आणि पाच मिनिटांत कारण सांगितलं. पहिल्यांदा अर्ज नवीन सीडिंग म्हणून चढवला होता. आधार आधीच दुसऱ्या बँकेशी मॅप असेल तर ती नोंद "दुसऱ्या बँकेतून आमच्याकडे" अशी करावी लागते, आधीच्या बँकेचं नाव द्यावं लागतं आणि ग्राहकाने त्या बदलाला संमती दिल्याचं नोंदवावं लागतं. आमच्या अर्जात ती जागा कोरी होती, म्हणून वरून नोंद नाकारली गेली. नाकारल्याचं शाखेत कुणी पाहिलं नाही आणि आम्हाला कुणी कळवलं नाही.

मॅडमनी नवा अर्ज दिला. आधीच्या बँकेचं नाव मी स्वतः भरलं, योग्य रकान्यावर खूण केली आणि या वेळी शिक्का मारलेली पोच मागून घेतली. चौथ्या दिवशी पानावर आईच्या बँकेचं नाव आलं, स्थिती Active. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर Bharat Aadhaar Seeding Enabler नावाची सोयही आहे, तिथे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत नेण्याचा पर्याय असतो. पण आईला सहीच्या कागदावर जास्त विश्वास वाटत होता, म्हणून आम्ही शाखेतून केलं.

मॅपिंग बदलल्यावर फक्त पुढचे पैसे नव्या जागी येतात. आधी दुसरीकडे जमा झालेले आपोआप सरकत नाहीत, आणि योजनेच्या नोंदीत ते "दिले" असेच राहतात, कारण खातं तुमच्याच नावाचं असतं. ते पुन्हा पाठवा असा अर्ज करण्यात अर्थ नाही. आम्ही ती रक्कम अंगठ्यानेच काढली. आणि ते नको असलेलं खातं रागाच्या भरात आधी बंद करू नका. मॅपिंग तिथेच असताना खातं बंद झालं, की येणारा हप्ता परत जातो आणि मग तो पुन्हा मिळवायला खरोखरच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. आधी मॅपिंग हलवा, पानावर नाव बदललेलं डोळ्यांनी बघा, मग खातं बंद करा.

२० वा हप्ता २ ऑगस्ट २०२५ ला सुटला आणि तो आईच्या बँकेत आला. संध्याकाळी मेसेज आला तेव्हा तिने मला फोन करून रक्कम वाचून दाखवली.

या पद्धतीबद्दल माझं मत विचाराल तर पैसे पाठवणारी यंत्रणा चोख आहे. एक रुपयाही हरवला नव्हता. पण बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला स्वतःच्या नोंदीतली जोडणी आणि मॅपरमधली नोंद यांतला फरक माहीत नसेल, तर त्याचा भुर्दंड चौदा किलोमीटरवरून येणाऱ्या बाईला पडतो. "लिंक आहे" असं उत्तर मिळालं तर मॅपर कुठल्या बँकेचं नाव दाखवतोय हे तिथेच विचारा, आणि जाण्याआधी घरी ते पान उघडून बघा.

दुकानात घेतलेल्या संमतीबद्दल मी त्या दुसऱ्या बँकेकडे लेखी तक्रार केली. खातं उघडताना ग्राहकाने अंगठ्याने संमती दिलेली आहे, असं उत्तर आलं. त्या वेळी तिला काय वाचून दाखवलं होतं, हे मी पुन्हा लिहून विचारलंय. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.