लोगो तपासणी सेवा: सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव (लाल रंगात छापणार असाल तर नक्की वाचा)

कोल्हापुरात घरपोच नर्सिंग सेवा सुरू करण्याआधी लोगोचा भलताच अर्थ निघत नाही ना, हे एका सेवेकडून पैसे देऊन तपासून घेतलं. आठ हजार रुपये. आमचा लोगो म्हणजे दोन गोल पानांचा कोंब आणि शेजारी हिरवट-निळं अधिकचं चिन्ह.

रिपोर्टचा पहिला अर्धा भाग म्हणजे मिळत्याजुळत्या ट्रेडमार्कचा शोध. तो नीट केला होता, पण सरकारी ट्रेडमार्क पोर्टलवर चित्रांच्या वर्गीकरणाचा व्हिएन्ना कोड टाकून चित्रचिन्हं कुणालाही फुकट शोधता येतात. त्यासाठी एवढे पैसे गेले म्हणून मी सुरुवातीला चांगलाच वैतागलो होतो.

मत बदललं ते सातव्या पानावर. तिथे आमचा कोंब उलटा करून, नुसत्या काळ्या रंगात, नखाएवढा छापला होता. वर देठ आणि खाली दोन गोळे. काय दिसतं ते सांगायची गरज नाही. नर्स रुग्णाच्या घरी बॅग ठेवणार, ती आडवी-उलटी पडणार, आणि समोर घरातले सगळे बसलेले. त्यांनी सुचवलेला बदल साधा होता: पानांना टोक द्या, एक पान लहान करा, देठ वाकवा. तेवढ्याने ते रूप पूर्ण गेलं. या एका पानासाठी आठ हजार वसूल झाले, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो.

त्यांची पद्धतही शिकण्यासारखी आहे. अनोळखी माणसाला चिन्ह दोन-तीन सेकंद दाखवायचं, झाकायचं आणि फक्त “काय दिसलं?” एवढंच विचारायचं. “यात काही वाईट दिसतं का?” असं विचारलं की माणूस मुद्दाम शोधायला लागतो किंवा संकोचाने नाही म्हणतो. घरच्यांना विचारून उपयोग नाही, कारण त्यांना तो कोंब आहे हे आधीच माहीत असतं. एकमेकांशी न बोललेल्या दोघांनी तीच भलती गोष्ट सांगितली तर चिन्ह बदलायचं. २०२१ मध्ये मिंत्राने तक्रारीनंतर लोगो बदलला आणि ॲमेझॉनने ॲपच्या आयकॉनवरची निळी चिकटपट्टी बदलली, कारण हसऱ्या रेषेवर ती लोकांना हिटलरच्या मिशीसारखी दिसत होती. दोन्ही ठिकाणी बघणाऱ्यांना दिसलं तेच महत्त्वाचं ठरलं.

आता तक्रार. टी-शर्ट छापणाऱ्याने एकाच रंगात स्वस्त पडेल म्हणून पांढऱ्यावर लाल छपाई सुचवली. टी-शर्ट आले, नर्स कामाला गेल्या, आणि सैन्याच्या वैद्यकीय विभागातून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तुम्ही रेडक्रॉसचे का?”

पांढऱ्यावर लाल क्रॉस हे दवाखान्याचं सर्वसाधारण चिन्ह नाही. युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्यांवर गोळी झाडू नये यासाठीची ती संरक्षणाची खूण आहे. आपल्याकडे जिनिव्हा करार कायदा, १९६०, कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ती धंद्यासाठी वापरता येत नाही, आणि तिच्याशी घोळ होईल इतकं जवळचं चिन्हही चालत नाही. छपाईवाल्याने “मग उलट करू, लालवर पांढरा” असं सुचवलं. तेही त्याच कलमात अडतं, कारण ते स्वित्झर्लंडचं चिन्ह आहे.

सेवावाल्यांना फोन केला तर उत्तर मिळालं, “तुम्ही पाठवलेली फाइल हिरवट-निळी होती.” खरं आहे, पण आकार उलटा करून, काळा करून बघता, मग तो लाल करून का बघत नाही? नर्सिंगच्या धंद्यात अधिकचं चिन्ह आलं की पहिला प्रश्न रंगाचाच हवा. रबरी शिक्का, भरतकाम, एकरंगी पावती या सगळ्यांत मूळ रंग टिकत नाही. त्यांच्या अर्जात “हे चिन्ह कोणकोणत्या रंगांत छापणार?” असा रकानाच नाही.

दोन आठवडे वाद चालला. शेवटी त्यांनी दुसरी तपासणी फुकट केली, आणि ती मनापासून केली हेही सांगतो. त्यात त्यांनी अधिकचं चिन्ह पूर्ण काढायचा सल्ला दिला, कारण फक्त हिरवं ठेवायचा नियम आम्ही पाळला तरी प्रत्येक छपाईवाला पाळेलच असं नाही. आम्ही ते काढलं. आता नुसता वाकडा कोंब आहे आणि तो कुठल्याही रंगात चालतो. टी-शर्टांचे आणि शिक्क्यांचे पैसे मात्र त्यांनी दिले नाहीत.

पाचपैकी तीन तारे. घेणार असाल तर फाइलसोबत लाल, काळी आणि पांढरी अशा तिन्ही प्रती स्वतः पाठवा आणि तिन्हींची तपासणी रिपोर्टमध्ये लेखी मागा. ट्रेडमार्कचा शोध स्वतः करून घ्या आणि तेवढी रक्कम कमी करायला सांगा. माझ्या ओळखीच्या एका लॅबवाल्याला त्यांनी ती सवलत दिली आहे.