सोसायटीच्या सभेची नोटीस: दोन वेगळे कागद की एकाच कागदावर मराठी-इंग्लिश?

सेक्रेटरी झाल्यावर पहिली डोकेदुखी नोटिशीचीच असते. आमची मुलुंडची ५६ फ्लॅटची बिल्डिंग, निम्म्या लोकांना मराठी हवं, निम्मे गुजराती-तमिळ वगैरे, त्यांना इंग्लिश. मी दोन्ही प्रकार करून बघितलेत म्हणून लिहितोय, नाहीतर तुम्हीपण त्याच खड्ड्यात पडाल.

पहिला प्रकार म्हणजे दोन वेगळे कागद. करायला सोपा, मराठी मी लिहिली, इंग्लिश ट्रेझररने लिहिली, दोन्ही बोर्डावर लागल्या, संपलं. पण दोन माणसांनी लिहिलं की दोन सभा होतात! माझ्या मराठी कागदावर विषय ४ होता 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या खर्चास मंजुरी देणे' आणि ट्रेझररच्या कागदावर त्याच नंबरला 'टू डिस्कस टेरेस वॉटरप्रूफिंग'. ठराव पास झाला, महिन्याला फ्लॅटमागे जादा पैसे आकारायचं ठरलं, आणि दुसऱ्याच दिवशी चौथ्या मजल्यावरचे काका इंग्लिश कागद घेऊन दारात, म्हणे मला वाटलं नुसती चर्चा आहे, मतदान असतं तर मी नाशिकहून आलो असतो. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी तेवढ्या एका विषयासाठी विशेष सभा परत बोलवावी लागली.

दुसरा प्रकार एकच कागद, डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्लिश, विषयांचे नंबर समोरासमोर. टाईप करायला वैताग येतो, ए-फोर दोन्ही बाजूंनी भरतो आणि अक्षर बारीक केलं तर आजी-आजोबा ओरडतात. पण 'मंजुरी देणे'च्या समोर 'टू डिस्कस' असलं की टाईप करतानाच डोळ्यात खुपतं, हा एकच फायदा मला पुरेसा वाटतो.

भाषेत नेमकं कुठे पाय घसरतो ते सांगतो. 'दुरुस्ती' हा शब्द फार दगाबाज. 'उपविधी दुरुस्ती' म्हणजे बाय-लॉज बदलणं आणि 'इमारत दुरुस्ती' म्हणजे प्लॅस्टर-पाईप, नुसतं 'दुरुस्तीबाबत' लिहिलंत तर इंग्लिश करणारा 'रिपेअर्स' लिहून मोकळा होणार. तसंच 'कन्फर्म'. अजेंड्यावरचा पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे', तिथे इंग्लिशमध्ये कन्फर्म येतं, आणि खाली 'येणार का ते कळवा' तिथेही कन्फर्म! आमच्याकडे एका ताईंनी ग्रुपवर 'कन्फर्म्ड' टाकलं ते येतेय म्हणून, आणि कुणीतरी धरून चाललं की त्यांना मिनिट्स मान्य आहेत. म्हणून खालच्या ओळीत आता 'उपस्थिती कळवा' आणि समोर 'अटेंडन्स' असंच लिहितो.

आणि ते कळवणं चहा-खुर्च्यांपुरतंच, गणपूर्तीत धरत नाहीत, तिथे प्रत्यक्ष हजर असलेले आणि रजिस्टरवर सही केलेले मोजतात. आदर्श उपविधींनुसार एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, जे कमी असेल ते, म्हणजे आम्हाला २० पुरतात. अर्ध्या तासात तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब. मराठीत तिथे चुकून 'रद्द' लिहू नका, इंग्लिशमध्ये 'अ‍ॅडजर्न्ड' आहे ना, मग 'तहकूब'च, कारण तहकूब सभा त्याच दिवशी थोड्या वेळाने घेता येते आणि तिला गणपूर्ती लागत नाही. ती नंतरची वेळसुद्धा नोटिशीत दोन्ही भाषांत टाका.

तारखेचं मात्र कागद कुठलाही असो, सारखंच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, म्हणजे नोटीस द्यायचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून. समजा सभा २७ सप्टेंबरला, तर १३ ते २६ हे १४ दिवस झाले, नोटीस १२ तारखेला सगळ्यांच्या हातात हवी. त्यातच गणपती आले की अर्धी बिल्डिंग कोकणात, मग सह्या कोणाच्या घेणार, म्हणून मी ऑगस्टअखेरच वाटून टाकतो. विशेष सभेला साधारण ५ पूर्ण दिवस पुरतात, पण रिडेव्हलपमेंटचा विषय असेल तर हे गणित धरू नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

मग घ्यायचं काय? बिल्डिंगमध्ये १०-१५च घरं आणि सगळ्यांना मराठी येत असेल तर एक मराठी कागद बास, उगाच कॉलम पाडू नका. मिश्र वस्ती असेल तर एकच कागद, दोन कॉलम, आणि तळाशी एक ओळ:

'दोन्ही मजकुरांत फरक आढळल्यास मराठी मजकूर ग्राह्य धरावा.'

ही ओळसुद्धा दोन्ही भाषांत लिहा हं. आम्ही पहिल्या वर्षी ती फक्त मराठीत छापली होती.