शॉकअप नवे टाकले तरी गाडी डावीकडं कललेलीच, असं गंडवतात बघा

परभणी, जिंतूर, सेलू भागात जुनी हॅचबॅक वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचा, कारण माझे साडेसहा हजार गेले ते गेले, पण त्यापेक्षा जास्त राग याचा आहे की शॉकअप टाकणाऱ्या गॅरेजवाल्याने तुटलेली स्प्रिंग स्वतःच्या हाताने परत बसवून मला गाडी दिली आणि त्याच गाडीत मी घरच्यांना घेऊन औंढ्याला जाऊन आलो.

झालं असं की गाडी पुढून डावीकडं झुकायला लागली होती, स्पीडब्रेकरवरून उतरली की दोन-तीन वेळा वरखाली हलायची, आणि उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवलं की डाव्या चाकापाशी कट्ट असा आवाज यायचा. गॅरेजवाल्याने चाकामागं हात घातला, तेलकट बोटं मला दाखवली आणि म्हणाला, "भाऊ, शॉकअप लीक झालाय, त्याच्यानंच गाडी बसली, पुढची जोडी टाकावी लागंल." शॉकअप लीक होता हे खरंच होतं, त्याच्यावर तेल आणि धुळीचा ओला चिखल जमलेला मी पण पाहिला. पण त्याच्यामुळं गाडी कलली हे साफ खोटं.

गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, स्प्रिंग उचलते. शॉकअपचं काम फक्त स्प्रिंगची उसळी थांबवायचं. तेल गळून शॉकअप पूर्ण निकामी झाला तर गाडी उड्या मारंल, खड्ड्यात चाक आदळंल, पण सपाट जागेवर उभी असताना एका बाजूला दिसण्याइतकी खाली बसणार नाही. ती बसली तर आधी दोन्हीकडची हवा सारखी करून बघायची, आणि मग संशय स्प्रिंगवर.

काम करायच्या आधी मी टेपने माप घेतलं होतं, चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, उजवीकडं ३८.५ सेंटीमीटर आणि डावीकडं ३६. शॉकअप टाकल्यावर बोनेटचा कोपरा दाबून सोडला तर गाडी एकदाच वर येऊन थांबली, म्हणजे उसळी गेली, कट्ट आवाज पण गेला. पण डावीकडचं माप आलं ३५.५! नवा शॉकअप टाकून गाडी अजून अर्धा सेंटीमीटर खाली. विचारलं तर म्हणे, "नवीन हाय, सेट व्हायला टाइम लागतो." परत गेलो तर स्प्रिंगच्या वेटोळ्यात रबरी बफर अडकवून दिला, त्याचे ९०० वेगळे. गाडी वर आली, पण डावं चाक दगडासारखं कडक झालं.

मग सेलूच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकाकांनी चाक काढून खालून मोबाइलची लाइट मारली. स्प्रिंगचं सगळ्यात खालचं वेटोळं जिथं वाटीत बसतं तिथं पाऊण वेटोळंच गायब. कारखान्यातून आलेलं टोक सरळ कापलेलं आणि रंग दिलेलं असतं, हे टोक तिरकं, खडबडीत आणि पूर्ण गंजलेलं, म्हणजे तुटून बरेच दिवस झालेले. वाटीत चिखलपाणी साचतं, तिथंच रंग उडून गंज धरतो आणि वरून पटकन दिसत पण नाही. काकांनी टायरच्या आतल्या बाजूला हात फिरवायला लावला, टोक घासून तिथं बोटाला लागेल असा ओरखडा पडला होता. ते टोक वाटीतून सरकलं असतं तर चालत्या गाडीत टायर फाटला असता.

गॅरेजवाल्याला दिसलं नसंल असं कुणी म्हणंल, तर ते शक्यच नाही. अशा गाडीत पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकातच असतात, शॉकअप बदलायचा तर स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून बाहेर काढावीच लागते. तुटलेला तुकडा तेव्हाच त्याच्या हातात आला, तो त्याने फेकून दिला, म्हणून कट्ट आवाज बंद झाला आणि माप पण उतरलं. जाब विचारायला गेलो तर म्हणाला, "तुम्हाला शॉकअपचं सांगितलं, शॉकअप टाकले." फक्त बफरचे ९०० परत दिले.

तर पुढचा शॉकअप बदलत असंल तर तिथं उभे राहा, स्प्रिंग बाहेर आली की दोन्ही टोकं बघा, जुना माल सगळा मागून घ्या, आणि माप कामाच्या आधी आणि नंतर त्याच सपाट जागेवर रिकाम्या गाडीत घ्या. स्प्रिंग घरी मात्र खोलायला जाऊ नका, दाबलेली सुटली तर तोंड फोडंल.

काकांनी पुढच्या दोन्ही स्प्रिंगा नव्या टाकल्या, कारण एकच टाकली तर जुनी-नवीचा फरक राहतो. आता दोन्हीकडं ३८.८ आहे, अलाइनमेंट पण करून घेतली. ओरखडा पडलेला टायर काढून टाकला, तो स्टेपनीला पण ठेवला नाही.